हातात दमडी नाही, तरी व्याजावर कर? झिरो कूपन बॉण्डचा हिशेब

«ताई, नमस्कार. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिच्या कॉलेजसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही ब्रोकरेज खात्यातून ट्रेझरी स्ट्रिप्स, म्हणजे अमेरिकी सरकारचे झिरो कूपन बॉण्ड, घेतल्या. ३२,०४१ डॉलर दिले, १५ नोव्हेंबर २०३४ ला ५०,००० मिळणार. मधे एक पैसाही येत नाही, हे माहीत होतं. पण परवा ब्रोकरचा १०९९-ओआयडी फॉर्म आला आणि त्यात २०२५ चं उत्पन्न म्हणून १,४६६ डॉलर दाखवलेत. ही चूक आहे ना? बाबांनी १९९२ मध्ये आयडीबीआयचे २,७०० रुपयांचे डीप डिस्काउंट बॉण्ड घेतले होते, त्यांना दरवर्षी असं काही भरावं लागल्याचं मला आठवत नाही. आणि हे खरं असेल, तर दहा वर्षं खिशातून कर भरत राहायचा का?
— एक बाबा, न्यू जर्सी»

नमस्कार. फॉर्म बरोबर आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी स्वतः हिशेब करून पाहिला, १,४६६ च येतात. तेव्हा ब्रोकरला फोन करण्यात वेळ घालवू नका. हे उत्पन्न यंदाच्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागेल. पण या आकड्याला दुसरी बाजू आहे. ती नीट सांभाळली नाही तर पुढे त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर जातो, आणि या पत्रात मला मुख्यतः तेच सांगायचंय.

आधी हे व्याज कुठून आलं ते बघू. ३२,०४१ चे दहा वर्षांत ५०,००० होतात, म्हणजे सहामाही चक्रवाढीने साडेचार टक्के दर पडतो. पहिल्या सहा महिन्यांत, १५ नोव्हेंबर २०२४ ते १५ मे २०२५, तुमच्या ३२,०४१ वर सव्वादोन टक्क्यांनी ७२१ डॉलर व्याज झालं. ते तुम्हाला दिलं नाही, मुद्दलात मिळवलं. त्यामुळे मे महिन्यात मुद्दल ३२,७६२ झालं. त्यावर पुढच्या सहा महिन्यांत ७३७ झाले, आणि १५ नोव्हेंबर २०२५ ला आकडा ३३,४९९ वर पोचला. तिथून पुढच्या सहामाहीचं व्याज ७५४ आहे, त्यातला वर्षअखेरपर्यंतचा दीड महिना २०२५ मध्ये येतो. पहिल्या सहामाहीतला २०२४ चा दीड महिना बाजूला काढला, तर ५३६.७ अधिक ७३७.१ अधिक १९२.६ मिळून १,४६६.४, म्हणजे १,४६६ होतात. एखाद-दुसऱ्या डॉलरचा फरक दिवस मोजण्याच्या पद्धतीने पडतो, त्याची काळजी करू नका.

आपल्याकडची बँकेतली क्युम्युलेटिव्ह एफडी आठवा. पाच वर्षांची एफडी, पैसे शेवटी मिळणार, पण बँक टीडीएस दरवर्षी कापते, कारण व्याज दरवर्षी जमा होतंय आणि परत गुंतवलं जातंय. तुमच्या स्ट्रिप्सचंही तेच आहे. फरक इतकाच, की बँकेच्या पासबुकात ती जमा दिसते आणि इथे दिसत नाही. कमी किमतीत घेऊन पूर्ण किमतीला मिळणाऱ्या बॉण्डमधला फरक हे अमेरिकी कायद्याच्या लेखी व्याजच आहे. त्याला ओरिजिनल इश्यू डिस्काउंट म्हणतात, तोच तुमच्या फॉर्मवरचा ओआयडी.

बाबांच्या बॉण्डबद्दलची तुमची आठवण खरी असणार. तेव्हा भारतात अशा बॉण्डवरच्या व्याजाचा विचार मुदतीअखेर होत असे. मग १५ फेब्रुवारी २००२ च्या परिपत्रकाने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नव्या डीप डिस्काउंट बॉण्डवर वर्षागणिक कर लावायचा नियम आणला, छोट्या गुंतवणूकदारांना मुभा ठेवून. अमेरिका या वाटेने त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

त्यामागचं कारण ऐकलंत तर हा नियम अन्यायाचा वाटणार नाही. १९६९ पूर्वी कंपनी असे बॉण्ड काढायची, व्याजाचा खर्च दरवर्षी वजा करून आपला कर वाचवायची, आणि बॉण्ड घेणारा मात्र शेवटच्या वर्षी कर भरायचा. सरकारच्या तिजोरीतून आज पैसे जायचे आणि परत यायला वीस-तीस वर्षं लागायची. १९६९ च्या कायद्याने घेणाऱ्यालाही दरवर्षी उत्पन्न दाखवायला लावलं, पण एकूण व्याज सगळ्या वर्षांत समान वाटून. तिथे मोठी फट राहिली. व्याजदर चौदा टक्के धरा, तीस वर्षांचा हजार डॉलरचा बॉण्ड धरा. त्याची आजची किंमत जेमतेम १९ डॉलर ६३ सेंट होते. एकूण व्याज ९८० डॉलर, ते तिसांत समान वाटलं की वर्षाला ३२ डॉलर ६८ सेंट. म्हणजे कंपनीने कर्ज घेतलं वीस डॉलरपेक्षा कमी, आणि पहिल्याच वर्षी खर्च दाखवला बत्तीस डॉलरपेक्षा जास्त! खरं व्याज होतं पावणेतीन डॉलर. १९८० च्या सुमाराला दर असे चढले तेव्हा ही फट उघडी पडली, आणि १९८२ मध्ये काँग्रेसने समान वाटणी बंद करून चक्रवाढीची रीत आणली. वर तुमचा हिशेब मी त्याच रीतीने केला. त्यामुळे तुमचा आकडाही दरवर्षी थोडा थोडा वाढत जाईल. २०३३ मध्ये तो २,०९४ च्या आसपास असेल.

आता रिटर्न. फॉर्मवरचे रकाने नीट बघा, कारण इथे न्यू जर्सीतले लोक हमखास चुकतात. रकाना १ सर्वसाधारण बॉण्डच्या ओआयडीचा आणि रकाना ८ ट्रेझरीच्या ओआयडीचा. तुमचे १,४६६ रकाना ८ मध्ये असतील. सॉफ्टवेअरमध्ये भरताना ते रकाना ८ मध्येच टाका. फेडरल कर दोन्हीकडे सारखाच लागतो, रक्कम शेड्युल बी मध्ये जाते आणि तिथून १०४० च्या ओळ २बी वर. पण ट्रेझरीच्या व्याजावर राज्याला कर लावता येत नाही. रकाना ८ वाचलं की सॉफ्टवेअर ती रक्कम न्यू जर्सीच्या रिटर्नमधून स्वतःहून वगळतं. रकाना १ मध्ये टाकलीत तर वगळत नाही, आणि नसलेला कर तुम्ही राज्याला भरता. मुदतीअखेरपर्यंत तुमचं एकूण व्याज १७,९५९ डॉलर आहे, म्हणजे ही चूक दरवर्षी झाली तर नुकसान लहान नाही.

आणखी एक. ब्रोकर जो एकत्रित १०९९ पाठवतो त्यात ओआयडीचं पान बरंच आत असतं. पहिल्या पानावर साधं व्याज आणि लाभांश दिसतो, लोक तेवढं भरतात आणि फाइल मिटतात. तुमच्या पत्रात २०२४ चा उल्लेख नाही म्हणून विचारते: १५ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या दीड महिन्याचे साधारण १८४ डॉलर तेव्हाच्या रिटर्नमध्ये दाखवले होते का? दहा डॉलरच्या वर रक्कम असली की ब्रोकर फॉर्म काढतो आणि त्याची प्रत आयआरएसकडे जाते. गेल्या वर्षीच्या पानांमध्ये शोधा. राहिले असतील तर १०४०-एक्स भरून दुरुस्ती करा. चोवीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर ४४ डॉलर होईल. आयआरएसची तफावतीची नोटीस येईपर्यंत थांबलात तर त्यावर व्याज चढतं, आणि उत्तर लिहिण्यात एक संध्याकाळ जाते ती वेगळीच.

आता ती दुसरी बाजू. ज्या व्याजावर तुम्ही कर भरला, तेवढी तुमच्या बॉण्डची खरेदी किंमत वाढली असं कायदा मानतो. तुम्ही ३२,०४१ दिले होते. २०२४ चे १८४ आणि २०२५ चे १,४६६ मिळवले की ३१ डिसेंबर २०२५ ला करापुरती तुमची किंमत ३३,६९१ झाली. दरवर्षी ती अशीच चढत जाते आणि २०३४ च्या नोव्हेंबरात बरोबर ५०,००० ला पोचते. तेव्हा हातात ५०,००० येतील, किंमतही ५०,०००, म्हणून भांडवली नफा शून्य. त्या वर्षी फक्त शेवटच्या साडेदहा महिन्यांचं, साधारण १,९०१ डॉलरचं व्याज दाखवायचं. सगळा कर आधीच भरून झालेला असतो.

ही वाढती किंमत लिहून ठेवली नाही तर काय होतं, ते मी एका जोडप्याच्या कागदांत पाहिलंय. मुलाच्या जन्मानंतर घेतलेल्या स्ट्रिप्स, पंधरा वर्षं ओआयडीवर इमानेइतबारे कर भरलेला. मधे त्यांनी खातं एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे हलवलं, आणि नव्या ब्रोकरकडे फक्त मूळ खरेदी किंमत गेली. मुदत संपल्यावर आलेल्या १०९९-बी वर खरेदी आणि विक्रीतला सगळा फरक भांडवली नफा म्हणून छापलेला होता. त्यांनी तो जसाच्या तसा भरला. पंधरा वर्षं ज्याच्यावर कर दिला, त्यावरच पुन्हा एकदा. सुदैवाने त्या बाईंनी जुनी सगळी रिटर्न्स एका बॅगेत जपून ठेवली होती. आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्षवार पानं मांडली, प्रत्येक वर्षाचा ओआयडी एका वहीत उतरवला, बेरीज केली, आणि तीन वर्षांच्या मुदतीत होतो म्हणून दुरुस्तीचं रिटर्न भरून पैसे परत मागितले. मिळाले. बॅग नसती तर ते पैसे गेलेच होते.

तुमच्या बाबतीत ब्रोकरवर थोडी जास्त जबाबदारी आहे. २०१६ पासून घेतलेल्या स्ट्रिप्सची किंमत ओआयडीप्रमाणे वाढवून दाखवणं त्याला बंधनकारक आहे. त्याआधीच्यांना ती सक्ती नाही. तरीही स्वतःची वही ठेवा. वर्ष, ओआयडीचा आकडा, वाढलेली किंमत, एवढे तीनच रकाने पुरेत. आज पहिल्या ओळी लिहिता येतील: २०२४, १८४, ३२,२२५. मग २०२५, १,४६६, ३३,६९१.

या वहीचा उपयोग मुदतीआधी विकावं लागलं तर सगळ्यात जास्त होतो. समजा नोव्हेंबर २०२७ मध्ये घराच्या कामासाठी पैसे लागले आणि तोवर बाजारातले दर पावणेएक-एक टक्क्याने वर गेलेले. दर वाढले की झिरो कूपनची किंमत साध्या बॉण्डपेक्षा जास्त घसरते, कारण सगळे पैसे शेवटी आहेत. तुम्हाला ३४,५०० मिळाले असं धरा. दिले ३२,०४१, मिळाले ३४,५००, म्हणजे मनात हिशेब होतो अडीच हजारांच्या नफ्याचा. करात चित्र वेगळं दिसतं. तीन वर्षांत तुम्ही ४,५७६ डॉलर व्याज दाखवलं, तुमची किंमत ३६,६१७ झाली आणि ती ३४,५०० ला विकलीत, म्हणून २,११७ डॉलरचा भांडवली तोटा. तो तोटा फॉर्म ८९४९ वर मांडायचा आणि दुसऱ्या नफ्यातून वजा करायचा. नफा नसेल तर वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत पगारातून वजा होतो. वही नसलेला माणूस इथे २,४५९ चा नफा दाखवतो आणि उलट कर भरतो.

आता «खिशातून भरत राहायचा का» याबद्दल. या बॉण्डपुरतं बोलायचं तर हो, पण रक्कम किती ते बघा. चोवीस टक्क्यांनी यंदा ३५२ डॉलर, २०३३ मध्ये पाचशेच्या घरात, आणि दहा वर्षांत मिळून साधारण ४,३१० डॉलर. पती-पत्नीचं एकत्र उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर ३.८ टक्के गुंतवणूक करही जोडा. एप्रिलमध्ये एकदम ओझं नको असेल तर नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-४ च्या ओळ ४(ए) मध्ये हे उत्पन्न लिहा, मग पगारातून आपोआप थोडा जास्त कर कापला जाईल.

बॉण्ड मुलीच्या कस्टोडियल खात्यात गेला तर कर जवळजवळ संपतो, हेही माहीत असू द्या. २०२५ च्या नियमांप्रमाणे मुलाच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातले पहिले १,३५० डॉलर करमुक्त, पुढचे १,३५० मुलाच्या दराने, म्हणजे दहा टक्क्यांनी. २,७०० च्या पुढे मात्र आईवडिलांचा दर लागतो. तिचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर १,४६६ वर बारा डॉलरसुद्धा कर होत नाही. पण मी हे घाईने करा असं म्हणणार नाही. एकदा दिलेले पैसे तिचे झाले. सज्ञान झाल्यावर ती कॉलेजऐवजी दुसरं काही करायचं म्हणाली तर तुम्हाला अडवता येणार नाही, आणि कॉलेजची आर्थिक मदत ठरवताना मुलाच्या नावावरचे पैसे आईवडिलांच्या पैशांपेक्षा जास्त मोजतात. वर्षाला साडेतीनशे-पाचशे डॉलर वाचवण्यासाठी एवढा ताबा सोडायचा का, हे दोघांनी मिळून ठरवा. माझ्या मुलाच्या वेळी मी नाही सोडला.

पुढच्या वेळी झिरो कूपन घ्यायचे असतील तर ते आयआरए या निवृत्ती खात्याच्या आत घ्या. तिथे हा दरवर्षीचा कर लागतच नाही. आताचा बॉण्ड मात्र उचलून आयआरएत ठेवता येत नाही, वार्षिक भरणा रोखीतच करावा लागतो. कर शेवटपर्यंत पुढे ढकलायचा असेल तर सीरिज ईई बचत रोख्यांना कायद्याने वेगळी सवलत आहे, त्यांचं व्याज वठवण्याच्या वर्षी दाखवलं तरी चालतं. म्युनिसिपल झिरो कूपनचा ओआयडी फेडरल करातून सुटतो, पण वहीतली किंमत तिथेही वाढवायची असते. ते विसरलं की करमुक्त व्याजावर भांडवली नफ्याचा कर बसतो.

शेवटी एक विचारते, कारण आपल्या लोकांच्या घरी हे हटकून असतं. भारतात एनआरई खात्यात क्युम्युलेटिव्ह एफडी आहे का? तिथे त्या व्याजावर कर नाही म्हणून बहुतेक जण ते इथेही दाखवत नाहीत, किंवा एफडी मोडेल तेव्हा दाखवू म्हणतात. तुम्ही अमेरिकेचे कर-रहिवासी आहात, त्यामुळे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या त्या एफडीलाही हाच ओआयडीचा नियम लागू आहे, व्याज दरवर्षी डॉलरमध्ये करून दाखवायचं. तिथून १०९९ कोणी पाठवणार नाही. बँकेकडून वर्षवार व्याजाचं प्रमाणपत्र मागवा, आणि एप्रिल ते मार्चऐवजी जानेवारी ते डिसेंबरचं मागा, नाहीतर आकडे जुळवता जुळवता दमून जाल.